चिन्ह ५जीचं, कॉल मात्र ४जीवर

नवा फोन घेतला, ५जी सुरू केलं, व्हिडिओ सुसाट चालू लागले. पण कॉल लावला की आधी काही सेकंद नुसती शांतता, मग रिंग. कधी रिंग न वाजताच कॉल कट. लागलाच तर मध्येच आवाज तुटतो. वर ५जीच्या कांड्या भरलेल्या असताना हे का होतं? कारण बहुतेक वेळा तुमचा आवाज ५जीवरून जातच नाही.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तेव्हा कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. एअरटेलने आपल्या ४जी यंत्रणेच्या आधारावर ५जी बसवलं. या पद्धतीत इंटरनेटला ५जीचा वेग मिळतो आणि कॉल ४जीवरच, म्हणजे व्होल्टीवर राहतो. जिओने ४जीवर न विसंबणारं स्वतंत्र ५जी उभारलं. स्वतंत्र ५जीवर कॉलही ५जीवरून होऊ शकतो, पण तशी सोय हँडसेट आणि नेटवर्क दोन्हीकडे लागते. ती नसेल तर तुम्ही नंबर लावताच नेटवर्क फोनला ४जीवर पाठवतं, कॉल तिथे जोडला जातो आणि संपल्यावर फोन परत ५जीवर येतो. या उडीला ‘ईपीएस फॉलबॅक’ म्हणतात.

सुरुवातीची शांतता या उडीची. त्या जागी ४जी कमजोर असेल, किंवा सेटिंगमध्ये `VoLTE` बंद असेल, तर उडी फसते आणि कॉल पडतो. तुमचा कॉल कुठे जातो हे ओळखणं सोपं आहे: कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे पाहा. ५जी जाऊन `4G` किंवा `LTE` आलं, तर फोनने उडी मारली. एअरटेलसारख्या पद्धतीत मात्र आवाज ४जीवर असूनही ५जीचं चिन्ह तसंच राहू शकतं.

आवाज खराब होण्याची कारणं दोन. व्होल्टीत आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. सिग्नल कमी पडला की काही तुकडे पोचत नाहीत आणि शब्द अर्धवट ऐकू येतात. दुसरं म्हणजे ४जी फारच क्षीण झालं आणि कंपनीकडे २जी असेल, तर चालू कॉल २जीवर ढकलला जातो. तिथे साधारण ३,४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज कापला जातो, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ नीट कळत नाहीत आणि समोरचा माणूस बंद खोलीतून बोलतोय असं वाटतं.

आता एक घर घेऊ. अँड्रॉइड फोनमध्ये `Settings > About phone > SIM status` इथे सिग्नलचा आकडा दिसतो (काही फोनमध्ये मेनूची नावं थोडी वेगळी असतात). आकडा उणे असतो: –८५ च्या आसपास उत्तम, –११० च्या खाली गेला की अडचण. समजा, बेडरूममध्ये ५जीवर –९५ दिसतं आणि फोन ४जीवर लावला की –१००. दोन्ही कामापुरतं आहे. तरीही इथे ५जीवर कॉल पडत असतील आणि ४जीवर लगेच लागत असतील, तर दोष उडीचा. अशा वेळी खुशाल ४जीवर राहावं. आता स्वयंपाकघरात या. इथे ४जीवर –११८ येतं. इथे परत फिरून उपयोग नाही, कारण कॉलला लागणारं ४जीच नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर `Wi-Fi calling` सुरू करणं हाच इथला इलाज.

म्हणून आधी `VoLTE` चालू आहे ना ते पाहा. मग एकाच जागी उभं राहून ५जीवर दोन-तीन आणि ४जीवर दोन-तीन कॉल लावून बघा. ४जीवर बदलण्यासाठी मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Preferred network type` किंवा `Network mode` शोधा आणि `5G` नसलेला पर्याय निवडा. आयफोनवर `Voice & Data` मध्ये `LTE` निवडायचं. `4G only` असा पर्याय असला तरी तो टाळा, कारण ४जी गेल्यावर आधाराला २जी उरत नाही.

४जीवर राहण्याची किंमतही असते. अनेक प्लॅनमध्ये ५जी डेटा अमर्याद असतो, पण ४जीवर रोजचा कोटा कापला जातो. त्यामुळे महत्त्वाचे कॉल असतील तेवढा वेळ किंवा त्रास होतो त्या जागेपुरतंच मागे या. ४जीवरही कॉल तुटत राहिले, तर सेटिंग चाळत बसू नका. कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीत जागा, वेळ आणि सिग्नलचा आकडा द्या. ‘रेंज नाही’ एवढ्यावरून त्यांना काही शोधता येत नाही.