बाटलीवर नेमके काय लिहावे?

चार वर्षांच्या मुलाचा कान दुखतो. डॉक्टर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे ड्राय सिरप लिहून देतात: ५ मिली, १-०-१, ५ दिवस. मेडिकलवाला दोन बाटल्या देतो आणि खोक्यावर पेनने ‘१-०-१’ एवढेच लिहितो. घरी गेल्यावर आईला प्रश्न पडतात. चमचा कोणता घ्यायचा? जेवणाआधी द्यायचे की नंतर? दोन्ही बाटल्यांत आजच पाणी घालायचे का?

सूचना वाचता आली म्हणजे ती पाळता येतेच असे नाही, हे अमेरिकेतल्या २००६ सालच्या एका अभ्यासात स्पष्ट दिसले. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या’ हे लेबल कमी साक्षर रुग्णांपैकी शंभरातल्या सुमारे ७१ जणांनी बरोबर सांगितले. दिवसाच्या गोळ्या प्रत्यक्ष मोजून दाखवायला सांगितल्यावर मात्र ३५ जणांनाच ते जमले. म्हणून ‘दोनदा’ लिहिण्याऐवजी ‘सकाळी २, संध्याकाळी २’ असे लिहिण्याची शिफारस पुढे आली. ब्रिटनमध्येही उपाशीपोटी घ्यायच्या औषधांच्या लेबलावर ‘जेवणाआधी १ तास किंवा जेवणानंतर २ तास’ असा खुलासा छापतात.

हीच पद्धत वापरली, तर त्या बाटलीवर असे लिहिता येईल:

सकाळी ८ वाजता ५ मिली. रात्री ८ वाजता ५ मिली. ५ दिवस.
जेवायला सुरुवात करताना द्या.
आधी बाटली हलवा. सोबतच्या मापानेच मोजा.
फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका.
पाणी घातल्याची तारीख: ____ . ७ दिवसांनी उरलेले टाकून द्या.

प्रत्येक ओळीमागे कारण आहे. घरातले चमचे लहानमोठे असतात, त्यामुळे डोस चुकतो. जेवणाच्या सुरुवातीला दिल्यास पोटाचा त्रास कमी होतो. पाणी मिसळल्यावर क्लॅव्ह्युलॅनेट हळूहळू निकामी होऊ लागते, म्हणून थंडावा आणि मुदत दोन्ही हवीत. खोक्यावरची छापील एक्स्पायरी कोरड्या पावडरची असते. लोक तीच पाहतात आणि उरलेले सिरप पुढच्या तापासाठी जपून ठेवतात.

हिशेबही सांगायला हवा. रोजचे १० मिली, म्हणजे ५ दिवसांचे ५० मिली. ३० मिलीची बाटली तीन दिवसांत संपते. दुसऱ्या बाटलीवर ‘पहिली संपल्यावरच उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घाला’ असे लिहावे. त्या बाटलीतले शेवटचे १० मिली उरणारच, ते टाकायचे आहे हेही आईला आधीच सांगावे.

लेबल चिकटवून झाल्यावर मेडिकलवाल्याने आईला माप हातात घेऊन ५ मिलीची खूण दाखवायला सांगावे. घरात फ्रिज आहे का, हेही तेव्हाच विचारावे. नसेल, तर औषध हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन करून दुसरा पर्याय विचारावा.