मातीत ओढलेली रेघ

गेल्या महिन्यात मैंदर्गीच्या पोरांचा उपांत्य सामना पाहिला. सुरू होण्याआधी त्यांचा कप्तान मोबाइलसमोर ओरडला, "कप आपलाच!" पहिला लोण बसला आणि त्यातल्या एकाचंही तोंड वर होईना. ते पाहून मला माझा कप्तान फार आठवला.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्या संघाचं विशेष काही नव्हतं. हरायचं, एसटीने परत यायचं. नव्वदच्या दशकात मात्र आम्ही खरंच खेळलो. शेजारच्या गावच्या जत्रेतला तो उपांत्य सामना तर मला चढाई न् चढाई आठवतो. आमचा कप्तान उकिडवा बसला, काडीने मातीत रेघ ओढली आणि सात खडे मांडले.

"ह्यांचा उंच गडी उजव्या कोपऱ्यावर लाथ मारतो. त्याला निदानरेषेच्या बराच आत येऊ द्या, म्हणजे परतीची वाट लांब होईल. पाय हवेत असताना झडप घालू नका. नुसता हात लागेल, तो निसटेल आणि आपलाच गडी बाद होईल. पाय टेकला, अंगाचं वजन त्यावर आलं, की कोपऱ्याने घोटा धरायचा. कव्हरने त्याच क्षणी अंगावर जायचं. एकट्याने धरायचं नाही."

मग तो थांबला. "जिंकू, असं मी सांगणार नाही. समोरचेही रोज घाम गाळतात. लोण बसला तर दोन गुण जादा जातील, पण सातही जण परत आत येतील. तेव्हा एकमेकांवर ओरडू नका. हेदरब्याड्री." आमच्या गावात धीर द्यायची वेळ आली की कन्नड आपोआप ओठांवर येतं.

लोण बसलाच. पण त्याने आधीच सांगून ठेवल्यामुळे कोणी बिथरलं नाही. मध्यंतरानंतर तीनदा त्या उंच गड्याचा घोटा हातात आला. आम्ही दोन गुणांनी हरलो.

विजयाचं वचन दिलं की पिछाडीवर पडलेल्या पोराला ते फेडायची घाई होते. तो एकाच चढाईत सगळं भरून काढायला आत घुसतो आणि पकडला जातो. गेल्या महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत तेच झालं. 1990 पासून पुरुष कबड्डीचं प्रत्येक एशियाड सुवर्ण जिंकलेला भारताचा संघही 2018 मध्ये जकार्ताला उपांत्य फेरीत इराणकडून 18-27 असा हरला. तिथे आमच्या तालुक्याच्या संघाने कोणाला काय वचन द्यावं?

आता बहुतेक स्पर्धा मॅटवर होतात. मॅटवर काडीने रेघ ओढता येत नाही, हे खरं. पण खडूने येते. पुढच्या सामन्याआधी मी त्या पोरांकडे जाणार आहे, आणि सात खडे बरोबर नेणार आहे.