छायाचित्रातल्या रानफुलांची साक्ष

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी एका विद्यार्थ्याने नाकतोड्याचे छायाचित्र आणले. अगदी जवळून घेतलेले. मागे ना डोंगर, ना रस्ता. ते कुठे काढले हे त्याने सांगितले नाही. मग आम्ही आजूबाजूच्या झाडोऱ्याला विचारायचे ठरवले.

कोपऱ्यात लांब देठावर एकच फूल होते. मध्ये पिवळे, कडेला चार-पाच फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. ही एकदांडी. मूळची अमेरिकेची, आता आपल्याकडे किनाऱ्यापासून पठारापर्यंत सर्वत्र उगवणारी. म्हणून ती प्रदेश सांगत नाही. जवळपास पायवाट किंवा माणसांची वर्दळ असावी, एवढेच सुचवते. गाजरगवताचेही तसेच. सर्वत्र असणारा साक्षीदार ठिकाण ओळखायला कामाचा नाही.

मागे जांभळ्या रंगाचे अस्पष्ट ठिपके होते. भिंगातून पाहिल्यावर ती सीतेची आसवे निघाली. शेजारी पांढऱ्या गोंड्यांचा गेंद. कातळावरच्या पातळ, ओल्या मातीत नायट्रोजन फार कमी असतो. सीतेची आसवे ही वनस्पती बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते, म्हणून ती तिथे टिकते. म्हणजे जागा पावसाळ्यात पाणी साचणारा सडा असणार.

इथे आम्ही घाई केली. "सडा म्हणजे घाटमाथा, म्हणजे उंची हजार मीटर," असे म्हणून मोकळे झालो. पण रत्नागिरीकडे, समुद्राजवळच्या कमी उंचीच्या सड्यांवरही हीच मंडळी फुलतात. त्यांनी जमिनीचा प्रकार सांगितला होता, उंची नव्हे.

उंचीचा धागा नाकतोडा बसलेल्या फुलातच होता. तेही पिवळे, पण पाकळ्याही गडद पिवळ्या, पानांच्या कडा दातेरी आणि एकाच झाडावर फुलांचे झुपके. ही सोनकी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ती सह्याद्रीच्या उंच माथ्यांवर उतारच्या उतार पिवळे करते. कोकणातल्या सखल सड्यांवर ती सहसा दिसत नाही.

आता दोन्ही वर्तुळे एकमेकांवर ठेवू. सीतेची आसवे आणि गेंद म्हणजे ओला कातळ. सोनकी म्हणजे उंच घाटमाथा. दोन्ही एकत्र आढळतात ते सह्याद्रीचे उंच पठार, आणि महिना बहुधा सप्टेंबर. नेमके कोणते पठार, हे मात्र फुले सांगणार नाहीत. विद्यार्थ्याने नंतर सांगितले, "कास." कासची उंची सुमारे १२०० मीटर आहे.

वर्गात हा प्रयोग करताना एका फुलावरून निष्कर्ष काढू देऊ नका. प्रत्येक वनस्पतीबद्दल दोन प्रश्न विचारा. ही आणखी कुठे उगवते? आणि कुठे उगवत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरच अधिक उपयोगी पडते.