बेरीज चुकलीय, बाई!

परिपाठाचा क्रम मुलांना तोंडपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, मग बोधकथा. विषय प्रामाणिकपणाचा असला की लाकूडतोड्या ठरलेला. पण सहावीतल्या मुलाची कुऱ्हाड काही नदीत पडत नाही. त्याचा खरेपणा पणाला लागतो तो पेपर हातात पडल्यावर.

एका शाळेतल्या बाईंनी परिपाठात असाच प्रसंग सांगितला. आदल्या दिवशी त्यांनी गणिताच्या घटक चाचणीचे पेपर वाटले होते. एका मुलाला 20 पैकी 16 गुण होते. त्याने स्वतः बेरीज केली तर 14 च भरले. तिसऱ्या प्रश्नाचे दोन गुण दोनदा धरले गेले होते. शेजारचा कुजबुजला, "गप बस की, कुणाला कळतंय!" तरी तो उठून टेबलापाशी गेला. बाईंनी 16 खोडून 14 केले आणि बाजूला सही केली.

परिपाठात बाईंनी मुलाचं नाव घेतलं नाही. "बाई, माझं नाव नका घेऊ," असं त्यानेच सांगितलं होतं. ते योग्यच, नाव घेतलं असतं तर दिवसभर 'हरिश्चंद्र' म्हणून चिडवलं असतं पोरांनी. शेजारच्यालाही त्यांनी खलनायक केलं नाही. त्या म्हणाल्या, "बेरीज माझी चुकली होती. त्याने सांगितलं म्हणून कळलं. गुण कमी झाले, त्याला वाईटही वाटलं. पण मी रागावले नाही, आणि बक्षीस म्हणून ते दोन गुण परतही दिले नाहीत. जे त्याचे नव्हते, ते बक्षीस कसे होतील?"

खोटं बोलल्यावर काय शिक्षा होते, हे बाईंनी सांगितलंच नाही. त्यामागे कारण आहे. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाठीमागचं खेळणं चोरून पाहू नकोस, असं मुलाला बजावायचं, मग गोष्ट वाचून दाखवायची आणि शेवटी विचारायचं, "पाहिलंस का?" 'लांडगा आला रे आला' ऐकून मुलं अधिक खरं बोलली नाहीत. चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र बोलली, कारण तिथे वडील मुलाच्या खरेपणावर खूश होतात. (ती गोष्टच बनावट मानली जाते, हा भाग वेगळा!) सहावीची मुलं अर्थात मोठी, हिशेबी, त्यांच्यासाठी नुसतं कौतुक पुरेल असं नाही.

म्हणून बाईंनी शेवटी एक सोय करून दिली. "मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी आपापली बेरीज तपासा. कमी असो, जास्त असो, मी बोलणार नाही."

पेपर आले. बहुतेकांचे गुण कमी धरले गेले होते. ते सांगायला काही धीर लागत नाही. एका मुलीचा मात्र अर्धा गुण जास्त निघाला. बाईंनी तो खोडला, सही केली आणि गुणतक्त्यातही दुरुस्ती केली.