जबड्याच्या वाढीचा अंदाज मानेच्या मणक्यांवरून

‘बारावं लागलं की तारा लावू,’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. दात नुसते वेडेवाकडे असतील, तर हे चालून जातं. पण खालचा जबडाच मागे राहिला असेल, त्यामुळे वरचे दात पुढे दिसत असतील आणि ओठ मिटायला कष्ट पडत असतील, तर वयावर भिस्त ठेवून चालत नाही. अशा मुलांना ऑर्थोडॉन्टिस्ट अनेकदा ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं उपकरण देतात. वर एक आणि खाली एक अशा त्याच्या दोन प्लेट असतात. त्यांच्या तिरप्या कडा एकमेकींवर टेकल्या की खालचा जबडा पुढे घेतल्याशिवाय तोंड मिटताच येत नाही. जबडा स्वतः जोमाने वाढत असेल, तेव्हा या उपकरणाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ती संधी साधारण वर्ष-दीड वर्षाची असते.

हा झपाटा मुलींमध्ये सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि मुलांमध्ये चौदाव्या. मात्र सरासरीच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन वर्षांचा फरक अगदी नेहमीचा आहे. सातवीच्या वर्गाचा फोटो पाहिला तरी हे कळतं. मागच्या रांगेत मिसरूड फुटलेला एखादा असतो आणि त्याच वयाचा दुसरा पुढे मांडी घालून बसलेला.

जबड्याच्या हाडाकडे पाहून ते झपाट्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सांगता येत नाही. उंचीच्या आणि जबड्याच्या वाढीचा जोर मात्र साधारण एकाच सुमारास येतो. म्हणून साक्ष दुसऱ्या हाडांची काढायची. पूर्वी त्यासाठी डाव्या हाताचा मनगटापासून बोटांपर्यंतचा एक्स-रे काढत. आता बहुतेक ठिकाणी आधी मान पाहतात. तारा लावण्यापूर्वी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफ, बहुधा काढावाच लागतो आणि त्यात मानेचे वरचे मणके आपोआप येतात. वेगळा एक्स-रे लागत नाही. मणके वाचायची ही रीत लॅम्पार्स्की यांनी १९७२मध्ये पिट्सबर्गच्या प्रबंधात मांडली. पुढे बचेती, फ्रांकी आणि मॅक्नमारा यांनी तिला आजच्या सहा टप्प्यांचं रूप दिलं.

पाहायचे मणके तीनच : दुसरा, तिसरा आणि चौथा. आधी प्रत्येकाची खालची कड पाहायची. लहान वयात तिन्ही कडा सपाट असतात आणि तिसरा-चौथा मणका मागे उंच, पुढे बुटका असा उतरता दिसतो. हा पहिला टप्पा. झपाटा अजून किमान दोन वर्षं दूर आहे. दुसऱ्या मणक्याची खालची कड मध्ये खोलगट झाली की दुसरा टप्पा, म्हणजे वर्षभर थांबायचं. तिसऱ्या मणक्याची कडही खोलगट झाली की तिसरा. ट्विन ब्लॉक सुरू करायचा तो इथे, कारण जबड्याची सर्वाधिक वाढ यानंतरच्या वर्षात होते. चौथ्या मणक्यालाही खळगा आला की झपाटा बहुधा होऊन गेलेला असतो. त्यानंतर मणके आडव्या आयतावरून चौकोनी आणि शेवटी रुंदीपेक्षा उंच होतात. तोवर वाढ जवळजवळ संपते.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या सीमेवरच घोटाळा होतो. कड ‘किंचित’ खोलगट आहे की सपाटच आहे, यावर दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा ऑर्थोडॉन्टिस्टना तेच एक्स-रे वाचायला दिले, तर त्यांचं आपसातलं एकमत निम्म्याहून कमी वेळा झालं. शिवाय एक्स-रे काढताना गळ्याला शिशाचा पट्टा बांधलेला असेल, तर खालचे मणके नेमके त्याच्या आड जातात.

मग हाताकडे, खरं तर एका बोटाकडे, वळावं लागतं. मधल्या बोटाच्या मधल्या पेराचं हाड घ्या. त्याच्या मुळाशी एक छोटी चकती हाडापासून सुटी दिसते. मधली काळी फट म्हणजे वाढीची कूर्चा. चकती हाडाइतकी रुंद झाली की झपाटा जवळ आला. तिच्या दोन्ही कडा हाडाच्या बाजूंवर टोपीसारख्या वळल्या की झपाट्याचा कळस आला आहे किंवा नुकताच ओसरला आहे. फट बुजून चकती हाडाला चिकटली की ती संधी गेली. याला पूर्ण हाताचा एक्स-रेही लागत नाही. दाताच्या छोट्या फिल्मवर बोट ठेवलं तरी हे पेर नीट दिसतं. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं वाटाण्याएवढं तिळास्थी नावाचं हाडही उपयोगाचं आहे. एक्स-रेत ते दिसू लागलं की कळस बहुधा वर्षभराच्या आत येतो.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. वय १२ वर्षं २ महिने. वरचे पुढचे दात खालच्यांच्या ९ मिलिमीटर पुढे. आईवडील घाईत आहेत, कारण शाळेत चिडवतात. सेफमध्ये दुसऱ्या मणक्याला स्पष्ट खळगा आहे, तिसऱ्याची कड शंकास्पद. बोटातली चकती जेमतेम हाडाइतकी रुंद, कडा सरळ. तिळास्थी दिसत नाही. गेल्या वर्षात उंची ५ सेंटिमीटर वाढली, म्हणजे झपाट्याआधीची संथ चाल. माझ्या मते या मुलाला तेव्हाच उपकरण देणं म्हणजे त्याची उमेद खर्च करणं आहे. ते जवळजवळ दिवसभर, शक्यतो जेवतानाही घालायचं असतं. वर्षभराने खरी वेळ येईल, तेव्हा तो कंटाळलेला असेल. म्हणून थांबायचं ठरतं. मात्र पुढे आलेले दात पडल्या-धडपडल्यावर आधी मोडतात, तेव्हा मैदानावर माउथगार्ड घालायचं आणि दर तीन महिन्यांनी घरी भिंतीवर उंचीची खूण करायची.

पहिल्या दोन तिमाहींत सव्वा-सव्वा सेंटिमीटर. तिसऱ्या तिमाहीत एकदम २.३, म्हणजे वर्षाला ९ सेंटिमीटरच्या वेगाने. बोटाचा छोटा एक्स-रे पुन्हा घेतला, तर चकतीच्या कडा नुकत्या वळू लागलेल्या. आता उपकरण सुरू. वर्षभरात ९ मिलिमीटरचं अंतर ३ वर येतं. त्यानंतर दात नीट बसवायला तारा लागतातच.

पण त्या ६ मिलिमीटरपैकी सगळी हाडाची कमाई नसते. बराच भाग वरचे दात मागे आणि खालचे पुढे झुकल्यामुळे मिळतो. उपकरणामुळे जबडा अखेरीस मुळात वाढला असता त्यापेक्षा किती मोठा होतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांवर लवकर सुरू केलेल्या उपचारांच्या चाचण्यांत पुढचे दात मोडण्याचा धोका कमी झाला. जबड्यात मात्र नंतर उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत टिकाऊ फरक फारसा उरला नाही.

मुलींच्या बाबतीत एक प्रश्न एक्स-रेपेक्षाही उपयोगी पडतो : पाळी सुरू झाली का? ती साधारणपणे उंचीच्या कळसानंतर येते. त्यामुळे उत्तर ‘हो’ असेल तर संधी बरीचशी निसटलेली असते.

खालचा जबडा मागे नसून पुढे आला असेल, तर हिशेब उलटा होतो. वरचा जबडा पुढे ओढणारा फेसमास्क पहिल्या टप्प्यातच, मणके सपाट असताना, लावायचा असतो. शस्त्रक्रिया करायची झाल्यास वाढ संपेपर्यंत थांबावं लागतं. अशा चेहऱ्यात खालचा जबडा उशिरापर्यंत वाढत राहू शकतो, म्हणून तिथे मणक्यांचा सहावा टप्पाही पुरेसा मानत नाहीत. वर्षभराच्या अंतराने दोन सेफ काढून एकावर एक ठेवतात, आणि जबड्याची रेघ हललेली नसेल तरच शस्त्रक्रियेची तारीख ठरते.