गुलाल उधळताना कापूर पेटलेला असेल तर? देवळातल्या आगीमागचं सायन्स

25 मार्च 2024, धुलिवंदनाची पहाट. उज्जैनच्या महाकाल मंदिरात भस्म आरती चालू होती. आरतीच्या ताटात कापूर जळत होता आणि त्यावर गुलाल पडला. क्षणात गाभाऱ्यात भडका उडाला. 14 जण भाजले, त्यातल्या एका सेवकाचा नंतर मृत्यू झाला.

आपल्या शाहूवाडीत हे समजून घ्यायलाच हवं. इथले कितीतरी लोक जोतिबाला जातात आणि गावच्या जत्रेत पालखीवर पोत्यानं गुलाल पडतो.

आता प्रश्न असा, की पावडर पेटते कशी? मक्याच्या पिठाचा ढीग सहज पेट घेत नाही, कारण हवा फक्त वरच्या थराला मिळते. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाभोवती ऑक्सिजन असतो. एक कण पेटला की शेजारचा पेटतो आणि सगळा ढग एकदम भडकतो. 2015 मध्ये तैवानच्या एका वॉटर पार्कमध्ये रंगीत स्टार्चचा असाच ढग पेटला आणि 15 जण गेले.

गंमत म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा गुलाल बऱ्याचदा स्टार्चचाच असतो. त्वचेला चांगला, पण पेटणारा. शिरगोळ्याची पूड पेटत नाही. म्हणून ट्रस्टींनी खरेदी करतानाच विचारावं, की आत नक्की काय आहे? पाकिटावर लिहिलं नसेल तर पेटणारा आहे असंच धरून चालावं.

समजा गावच्या देवळाचा गाभारा आठ बाय आठ फुटांचा आहे आणि दार एकच. पालखी आत आली, आरती सुरू झाली आणि मागून पोरांनी मूठभर गुलाल फेकला. अशा वेळी आग विझवण्यापेक्षा तिची वेळच येऊ न देणं सोपं. गाभाऱ्यात गुलाल नाहीच, फक्त देवाला बोटानं लावायचा. उधळण बाहेर मोकळ्या पटांगणात, तीही आरती संपून कापूर आणि निरांजनं विझल्यावर. दारात एक माणूस उभा राहून पिशव्या बाहेर ठेवून घेईल. गुलाल उडवणारी सिलिंडरवाली गन तर आवारातच नको. आरतीआधी जमिनीवरचा गुलाल ओल्या फडक्यानं पुसा. झाडू किंवा पंख्यानं तोच पुन्हा हवेत जातो.

तरी काही पेटलंच तर? तेलाच्या समईवर पाणी ओतू नका. पाणी तळाशी जाऊन उकळतं आणि जळतं तेल बाहेर उडतं. कापूरही पाण्यावर तरंगत जळत राहतो. ताट किंवा समई धातूच्या झाकणानं झाका, नाहीतर कोरडी वाळू टाका. वाळूची बादली हाताशीच हवी, ऑफिसच्या कुलपात नको. फायर एक्स्टिंग्विशरचा फवारा जवळून मारला तर साचलेला गुलाल उडतो, म्हणून थोडं लांबूनच मारायचा.

त्या सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे जत्रेच्या आठ दिवस आधी बघा आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाका. काटा लाल भागात असेल तर तेवढ्या दिवसांत रिफिल करून आणता येतो.