मुठीतलं फरसाण आणि मालकाचा नफा

गर्दीच्या वेळी मिसळीच्या दुकानात काउंटरवर उभं राहून पाहिलं, की प्लेट लावणाऱ्याचे हात दिसतात. डाव्या हातात खोलगट प्लेट, उजव्या हातात डाव. उसळ पडते, लगेच तोच उजवा हात फरसाणाच्या डब्यात जातो, मूठ भरते, प्लेटवर रिकामी होते. वरून कांदा, कोथिंबीर, कट, की प्लेट निघाली. सगळं मिळून दहा-बारा सेकंद. या हाताचा वेग कौतुकाचाच असतो. पण दुकान महिन्याअखेरीस फायद्यात राहणार की नाही, हे बरंचसं त्या मुठीत किती फरसाण मावतं यावर ठरतं.

समजा, मिसळीची प्लेट 100 रुपयांना आहे. तिच्यात 10 रुपयांचं फरसाण, 9 रुपयांची उसळ, 5 रुपयांचा कट, 7 रुपयांचे पाव आणि 3 रुपयांचं कांदा-लिंबू, म्हणजे 34 रुपयांचा माल जातो. भाडं, पगार, गॅस, वीज, कर हे सगळं वजा केल्यावर मालकाच्या हातात 12 रुपये उरतात असं धरू. यातलं फरसाण 200 रुपये किलोचं, प्रत्येक प्लेटला 50 ग्रॅम. हेच फरसाण 70 ग्रॅम पडलं तर 4 रुपये जास्तीचे गेले. ते शंभरातून जात नाहीत, बारातून जातात. नफ्याचा तिसरा हिस्सा गेला आणि गिऱ्हाइकाला फरकही कळला नाही.

म्हणून आधी प्रमाण ठरवावं लागतं आणि मग ते हाताला जमेल असं माप शोधावं लागतं. प्रत्येक पदार्थाला एकच माप चालत नाही. उसळ आणि कट पातळ, त्यांना डाव किंवा ओगराळं. ओगराळ्याचा दांडा उभा असल्यामुळे ते सरळ खाली जातं आणि काठोकाठ भरून वर येतं, म्हणून मापासाठी ते चांगलं. त्यात किती मावतं हे घरच्या घरी कळतं: ते पाण्याने भरायचं आणि पाणी वजनकाट्यावरच्या भांड्यात ओतायचं. 120 ग्रॅम पाणी भरलं तर ओगराळं 120 मिलिलीटरचं. वड्याच्या भाजीसारखा घट्ट पदार्थ असेल तर आइस्क्रीमचा, खटका असलेला स्कूप बरा. त्याच्यावरचा आकडा अमेरिकी स्वयंपाकघरातून आलेला आहे. तिथल्या एका क्वार्टात, म्हणजे सुमारे 946 मिलिलीटरमध्ये, तसे किती स्कूप बसतात तो तो आकडा. त्यामुळे आकडा मोठा तितका स्कूप लहान. 16 नंबरचा सुमारे 59 मिलिलीटर, 8 नंबरचा त्याच्या दुप्पट. पहिल्यांदा विकत घेणारे इथे हमखास फसतात.

डावाच्या बाबतीत एक गोष्ट पातेल्यात डोकावल्याशिवाय समजत नाही. उसळ उभी राहिली की मटकी तळाला बसते, तर्री वर तरंगते. न ढवळता वरच्यावर डाव घातला तर पहिल्या गिऱ्हाइकाला रस्सा जातो, शेवटच्याला मटकीचा गोळा. डाव तोच, काठोकाठ भरलेला, तरी दोन प्लेटांत मालाचा मेळ बसत नाही. म्हणून जाणते मिसळवाले उसळ घट्ट ठेवतात आणि कट वेगळ्या पातेल्यात, तर्रीसकट उकळत. मटकी मापून पडते आणि रस्सा वरून. मागितल्यावर आणखी कट द्यायला मग हात आखडत नाही, कारण महाग काय आणि स्वस्त काय हे तिथे आधीच वेगळं झालेलं असतं. गिऱ्हाइकाला सढळपणा दिसतो तो कटात. तिथे तो जरूर दाखवावा.

फरसाणाचं मात्र वाटीनेही नीट जमत नाही. पोतं उघडल्यावर वर पापडी आणि जाड शेव असते, तळाला चुरा. त्याच वाटीत चुरा जास्त वजनाचा बसतो. त्यातून शीग धरली की सपाट हे प्रत्येक हात आपल्या मनाने ठरवतो. प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवायला गर्दीत वेळ नसतो, आणि ठेवूही नये. काट्याचं काम सकाळी. नवं पोतं फोडलं की ते आधी हलवून एकसारखं करायचं, सपाट भरलेल्या दहा वाट्या तोलायच्या आणि सरासरी 50 ग्रॅमच्या आसपास येते का पाहायचं. येत नसेल तर वाटी बदलायची. वाटी डब्यातच ठेवायची, म्हणजे मूठ आत जात नाही.

हे सगळं चाललंय की नाही हे रात्रीच्या हिशोबातून कळतं. समजा, सकाळी 6 किलो फरसाण शिल्लक होतं, 15 किलो आलं, रात्री 7 किलो 600 ग्रॅम उरलं. म्हणजे 13 किलो 400 ग्रॅम गेलं. विकल्या 200 प्लेटा, त्यांना लागायला हवं 10 किलो. 3 किलो 400 ग्रॅम कुठे गेलं? इथे लगेच प्लेट लावणाऱ्यावर डोळे वटारायचे नाहीत, आधी शोधायचं. दोनशेतली 40 पार्सलं होती. पार्सलच्या दहा पिशव्या तोलल्या तर सरासरी 100 ग्रॅम भरली, कारण पिशवी अर्धी रिकामी दिसली की बांधणाऱ्याचा हात आणखी टाकतो. 2 किलो तिथे. नोकरांच्या नाश्त्याला 600 ग्रॅम, ते हक्काचंच, फक्त वहीत लिहायला हवं. उरलं 800 ग्रॅम, 160 प्लेटांवर प्रत्येकी 5 ग्रॅम. तेवढा फरक हाताने काम केल्यावर राहणारच. खरा रोग पार्सलचा होता. उपायही सोपा निघतो: दुपारी काम मंदावलं की 50 ग्रॅमच्या पिशव्या तोलून बांधून ठेवायच्या. हवाबंद असल्याने त्या सादळतही नाहीत. नाश्ता सोडला तर रोजचं 2 किलो 800 ग्रॅम, म्हणजे 560 रुपये, महिन्याला 16,800. काट्याची किंमत पहिल्या काही दिवसांतच वसूल होते.

मापं हळूहळू सरकतातही, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. 120 मिलिलीटरचा डाव हरवतो, बाजारातून दुसरा येतो तो दिसायला तसाच, पण 150 चा. 24 लीटर उसळ दोन डावांनी 100 प्लेटांना पुरायची, ती आता 80 ला संपते. खूण म्हणजे पातेल्याचा तळ रोजच्यापेक्षा लवकर दिसणं. प्लेटांची विक्री तेवढीच असून तो लवकर दिसला, तर पहिल्यांदा डाव पाण्याने भरून तोलावा.

प्रमाण ठरवताना उष्ट्या प्लेटा बघाव्यात. फरसाण कटात भिजून लगदा झालेलं परत येत असेल तर 50 ग्रॅम जास्तच आहे, 40 चालेल. प्लेटा पुसून येत असतील आणि लोक शेव मागत असतील तर हात लावू नये. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात, नाशिककडे पापड आणि दही. लोक पोट कशाने भरतात त्यावर फरसाणाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे दुसऱ्या गावचा आकडा उचलून उपयोग नाही.

भाव वाढले की या मोजमापाचा आणखी एक उपयोग होतो. फरसाण 200 चं 240 झालं तर 50 ग्रॅममागे 2 रुपये वाढले, हे मालकाला लगेच सांगता येतं. मूठभर अंदाजाने चालणाऱ्याला ते दोन की पाच हे कळत नाही. मग तो घाबरून एकदम दहा रुपये वाढवतो किंवा गुपचूप फरसाण कमी करतो. माझ्या मते किंमत उघडपणे वाढवावी आणि प्लेट होती तशीच ठेवावी. नेहमीचं गिऱ्हाईक पाच रुपये वाढलेले सहन करतं, पण शेव कमी झालेली त्याला दुसऱ्या घासात कळते.